‘प्रीपोन’ काढलात, आता तारीख लिहा

न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि त्याच्या मागोमाग उरण, कळंबोली, पनवेल या पट्ट्यात कंटेनरच्या धंद्यावर जगणारी शेकडो ऑफिसं उभी राहिली. त्यातल्याच पनवेलच्या एका ऑफिसात मी एकोणीस वर्षं डॉक्युमेंटेशनचं काम करते. तळोजा एमआयडीसीतल्या कारखान्यांचा माल परदेशी जातो, त्याचे कागद आमच्या टेबलांवर तयार होतात. दिवसाला साठ-सत्तर मेल जातात आणि त्यातल्या निम्म्या अशा माणसांना, ज्यांना आम्ही कधी पाहिलेलं नाही आणि जी इंग्रजी आमच्यासारखीच शाळेत शिकलेली आहेत: हॅम्बुर्गची, बुसानची, सँतोसची.

नोकरीला लागले तेव्हा मला इंग्रजी पत्र लिहायला आमच्या हेडक्लार्क काकांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे जुनी फाइल समोर ठेवली आणि म्हणाले, “हे बघून लिही.” त्या फाइलीत ‘रिव्हर्ट बॅक’ होतं, ‘प्रीपोन’ होतं, ‘अपडेशन’ होतं. काकांनी ते त्यांच्या साहेबांच्या फाइलीतून उचललेलं. दहा वर्षं मी तसंच लिहिलं आणि कुणी काही म्हटलं नाही, कारण उत्तरं येत होती. त्यातली काही उत्तरं चुकीच्या प्रश्नाला आलेली होती, हे ध्यानात यायला एक बोट चुकावी लागली.

१. ‘प्रीपोन’च्या जागी ‘फॉरवर्ड’ घातलंत तर जास्त फसाल

२०१७ चा सप्टेंबर. तळोज्याच्या एका कारखान्यातून रंगद्रव्याचे ड्रम हॅम्बुर्गला जायचे होते. माल कंटेनरमध्ये भरण्याआधी खरेदीदाराचा इन्स्पेक्टर येऊन नमुने तपासणार होता, गुरुवारी १४ तारखेला. बोटीचा कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात आत घ्यायची शेवटची वेळ, रविवारी १७ ला होती. मध्ये दोन दिवस मोकळे, काही घाई नव्हती. तेवढ्यात शिपिंग लाइनची मेल आली की बोट लवकर लागते आहे, कट-ऑफ शुक्रवारी १५ ला संध्याकाळी सहाला. गुरुवारी तपासणी झाली असती तर स्टफिंग, सील आणि बंदरापर्यंतचा प्रवास एका दिवसात बसवावा लागला असता. गव्हाण फाट्यावर ट्रेलरची रांग किती असते हे इथल्या कुणालाही विचारा. म्हणून तपासणी मंगळवारी १२ ला घ्यायचं ठरलं.

मी हॅम्बुर्गच्या बाईंना लिहिलं, ‘द इन्स्पेक्शन हॅज बीन प्रीपोन्ड बाय टू डेज.’ त्यांनी विचारलं, प्रीपोन्ड म्हणजे काय? हा शब्द बाहेर चालत नाही असं मी कुठंतरी वाचलं होतं, ते तेव्हा आठवलं. मग मी त्याच्या जागी ‘मूव्ह्ड फॉरवर्ड बाय टू डेज’ असं लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ओके, थँक यू. मी फाइल बाजूला ठेवली.

मंगळवारी सकाळी कारखान्यानं ड्रम काढून ओळीत लावले, झाकणं सैल केली, चार माणसं थांबवून ठेवली. इन्स्पेक्टर आलाच नाही. दुपारी फोन केला तर तो वापीला दुसऱ्या कामावर होता, आणि त्याच्या वहीत आमची तारीख शनिवार १६ अशी होती. गुरुवारपासून दोन दिवस ‘पुढे’. शनिवारी तो आला, तपासणी उत्तम झाली, पण कट-ऑफ आदल्याच दिवशी होऊन गेला होता. माल पुढच्या आठवड्याच्या बोटीवर गेला.

बाईंची चूक नव्हती. आपण मराठीत लग्न पुढे ढकलतो म्हणजे ते नंतर होतं. आपलं ‘पुढे’ हे उद्याच्या दिशेचं आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे नेमकं उलटं, अलीकडे आणणं. ‘मूव्ह फॉरवर्ड’चा घोळ तर त्याहून मोठा आहे, कारण त्या शब्दावर इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचंही एकमत नाही. मानसशास्त्रातला एक गाजलेला प्रश्न आहे: बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, तर आता ती कधी? साधारण निम्मे लोक सोमवार म्हणतात, निम्मे शुक्रवार. त्यांचंच ठरत नसेल, तर हॅम्बुर्गच्या जर्मन बाईंनी आणि पनवेलच्या माझ्यासारख्या मराठी बाईनं ते कसं ठरवायचं?

प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘प्रीपोन’ हा या दोघांपेक्षा स्पष्ट शब्द आहे. त्याचा अर्थ एकच. ‘पोस्टपोन’ला जोडीदार हवा म्हणून १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून एका वाचकानं हाच शब्द सुचवला होता. तिकडे तो रुजला नाही, आपल्याकडे रुजला. त्याची अडचण एवढीच की भारताबाहेर तो फार थोड्यांना कळतो.

आता मी दिशा सांगणारा कुठलाच शब्द एकटा ठेवत नाही. वाक्य असं असतं: ‘द इन्स्पेक्शन विल नाऊ बी ऑन ट्यूजडे, १२ सप्टेंबर, इन्स्टेड ऑफ थर्सडे, १४ सप्टेंबर.’ नवी तारीख आधी, जुनी नंतर, दोन्हींना वार जोडलेला. वार आणि तारीख जुळत नसेल तर वाचणारा स्वतःहून विचारतो, आणि आपल्या टायपिंगची चूक तिथंच पकडली जाते. महिना अक्षरांत लिहायचा, कारण ५/६ म्हणजे आपल्याकडे पाच जून आणि अमेरिकेत सहा मे. फार तर ‘टू डेज अर्लियर’ जोडावं. ‘अर्लियर’ला दुसरा अर्थ नाही. आणि शेवटी एक प्रश्न ठेवायचा, ज्याचं उत्तर नुसत्या ओकेनं भागणार नाही: ‘कॅन द इन्स्पेक्टर कम ऑन ट्यूजडे?’ हा प्रश्न त्या दिवशी मी विचारला असता, तर वापीचं काम तेव्हाच कळलं असतं.

२. ‘रिव्हर्ट’ म्हणजे आधी होतं तिकडे परत जाणं

आपल्या डोक्यात ‘रिव्हर्ट’ कुठून आलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझा अंदाज असा की त्याच्या मागे ‘उलट टपाली कळवावे’ उभं आहे. पत्र तुमच्याकडे गेलं, उत्तर माझ्याकडे परतलं, म्हणजे ‘रिव्हर्ट’. त्यात पुन्हा ‘बॅक’ घातलं की परतणं दोनदा झालं. प्रमाण इंग्रजीत मात्र उत्तर परतत नाही, अवस्था परतते: जमीन मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते, संगणकातला मजकूर आधीच्या आवृत्तीवर ‘रिव्हर्ट’ करतात.

हा दुसरा अर्थ आमच्याच टेबलावर एकदा आला. बिल ऑफ लेडिंगचा मसुदा होता, आम्ही त्याला बी.एल. ड्राफ्ट म्हणतो. त्यात खरेदीदाराच्या पत्त्यातली आणि ड्रमवरच्या खुणांतली, अशा दोन दुरुस्त्या केल्या आणि पलीकडच्या एजंटाला लिहिलं, ‘प्लीज चेक द रिव्हाइज्ड ड्राफ्ट अँड रिव्हर्ट.’ तिथं नवा मुलगा होता. त्यानं पाहिलं आणि कळवलं, ‘चेक्ड. रिव्हर्टेड टू व्हर्जन वन.’ सांगितल्याप्रमाणे त्यानं दोन्ही दुरुस्त्या काढून जुना मसुदा परत लावला होता. सुदैवानं त्याच्या उत्तरात ‘व्हर्जन वन’ हे शब्द होते, म्हणून माझ्या लक्षात आलं. नुसतं ‘डन’ आलं असतं, तर जुन्या पत्त्यानं बी.एल. छापली गेली असती. छापल्यावरची दुरुस्ती म्हणजे अमेंडमेंटची फी, पत्रव्यवहार आणि दोन-तीन दिवस.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर कुणी जुना माणूस मला खोटं पाडेल. जहाजं भाड्यानं घेण्या-देण्याच्या दलालीत ‘रिव्हर्ट’ हा शब्द उत्तर देणं याच अर्थानं चालतो, लंडनमध्ये आणि सिंगापूरमध्येही. ती त्या धंद्याची बोली आहे. त्या दलालाला तुम्ही तो लिहिलात तर काही बिघडत नाही. पण मेल तिथं थांबत नाही. ती खरेदीदाराच्या अकाउंट्सला जाते, गोदामात जाते, बँकेत जाते, आणि त्या माणसांनी जहाजाची दलाली कधी केलेली नसते.

‘रिव्हर्ट’ काढला की त्या जागी ‘रिप्लाय’ लावावा, एवढं सोपं मला वाटलं होतं. तसं नाही. त्या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी झाकून ठेवतो, हे तेव्हा कळलं. समोरच्याकडून माहिती हवी असेल तर ‘प्लीज रिप्लाय बाय’ आणि पुढे तारीख. हो किंवा नाही एवढंच हवं असेल तर ‘प्लीज कन्फर्म’, आणि काय कन्फर्म करायचं ते त्याच वाक्यात. आणि उत्तर आपणच नंतर देणार असू तर ‘आय विल गेट बॅक टू यू बाय फ्रायडे’. त्या मुलाला मी लिहायला हवं होतं ते हे: ‘प्लीज कन्फर्म दॅट द ॲड्रेस अँड द मार्क्स इन व्हर्जन टू आर करेक्ट.’ त्यात काय करू नये हेही आपोआप येतं.

३. ‘अपडेशन’मध्ये माणूस हरवतो

हा शब्द चुकीचा वाटतच नाही, कारण तो सगळीकडे दिसतो. बँकेत गेलं की ‘केवायसी अपडेशन’ची पाटी, आधार केंद्रावर तीच. ‘क्रिएट’वरून ‘क्रिएशन’ आणि ‘व्हॅलिडेट’वरून ‘व्हॅलिडेशन’ होतं, मग ‘अपडेट’वरून ‘अपडेशन’ का नाही? कारण त्या दोन शब्दांत ‘एट’ हे प्रत्ययाचं शेपूट आहे, ‘अपडेट’मध्ये ते नाहीच. तो ‘अप’ आणि ‘डेट’ असा जोडशब्द आहे, आणि नाम म्हणूनही तो तसाच वापरतात. शिवाय आपल्याला सरकारी मराठीची सवय आहे. नूतनीकरण, अद्ययावतीकरण, सगळ्याला ‘करण’ लावलं की काम झाल्यासारखं वाटतं.

परदेशी माणसाला ‘अपडेशन’ वाचून अर्थ कळतो, एवढं कबूल करते. खरी अडचण व्याकरणाची नाही. एकदा आम्ही लिहिलं होतं, ‘एचएस कोड अपडेशन इज पेंडिंग.’ एचएस कोड म्हणजे मालाचा सीमाशुल्कातला वर्गीकरण क्रमांक. मेल पाच जणांना गेली: आमचा कस्टमवाला, कारखाना, शिपिंग लाइन, पलीकडचा एजंट, खरेदीदार. दोन दिवस कुणीच हललं नाही. कारखान्याला वाटलं कस्टमवाला करेल, कस्टमवाल्याला वाटलं कारखाना नवा इन्व्हॉइस देईल, खरेदीदाराला वाटलं आपल्याकडून काहीतरी हवं आहे पण काय ते लिहिलेलं नाही. वाक्यात करणारा नव्हता, म्हणून करणारा कुणीच नव्हता.

‘अपडेशन’च्या जागी क्रियापद आणलं की कर्ता लिहावाच लागतो, आणि माझ्या मते हाच त्या बदलाचा खरा फायदा आहे. ‘वी विल करेक्ट द एचएस कोड इन द इन्व्हॉइस बाय ४ पीएम इंडियन टाइम ऑन वेन्सडे. यू डू नॉट नीड टू डू एनिथिंग.’ कोण, काय, कुठं, कधी. आणि शेवटचं वाक्य खरेदीदाराची रात्रीची झोप वाचवतं.

इथं मी ‘अपडेट’ लिहिलं नाही, ‘करेक्ट’ लिहिलं, तेही जाणूनबुजून. ‘अपडेटेड इन्व्हॉइस’ पाहिला की खरेदीदार समजतो की परिस्थिती बदलली, कदाचित भावही बदलला. ‘करेक्टेड इन्व्हॉइस’ म्हणजे आधीचा चुकला होता, तो वापरू नका. ‘अपडेशन’मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच गोणीत पडतात. चूक झाली असेल तर चूक म्हणून लिहायला मलाही जड जायचं. पण परदेशी अकाउंट्समध्ये दोन इन्व्हॉइस पडून राहिले आणि जुन्यावर पैसे आले, की ते निस्तरणं त्याहून कितीतरी जड जातं.

४. ‘डाउट’ म्हणजे संशय

शाळेत आपल्याला ‘डाउट’ यायचे आणि बाई ते सोडवायच्या. मराठीतला ‘शंका’ हा शब्द दोन्ही कामं करतो, प्रश्नाचं आणि संशयाचंही. इंग्रजी ‘डाउट’ फक्त दुसरं करतो. ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर इन्व्हॉइस’ असं लिहिलंत तर समोरच्याला वाटतं की त्यानं लबाडी केली असं तुम्ही म्हणता आहात. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ लिहा. इतर शब्दांनी काम अडतं, या शब्दानं माणूस दुखावतो.

५. ‘डू द नीडफुल’ आणि ‘टुडे इटसेल्फ’

‘डू द नीडफुल’ हे साहेबाच्या काळातलं दफ्तरी इंग्रजी. तिकडे ते मागे पडलं, आपल्या फाइलींत राहिलं. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे त्याचं मराठी भावंड. दोन्हींत गृहीत असतं की योग्य काय ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे. एकाच कचेरीत बसलेल्यांना ते ठाऊक असतंही. सँतोसच्या माणसाला ते ठाऊक नसतं, त्याला हवं ते काम नावानं सांगावं लागतं.

‘टुडे इटसेल्फ’मध्ये दुसरी गंमत अडकली आहे. आपण जोर द्यायला ‘च’ लावतो, आजच, त्याचं ते ‘इटसेल्फ’ झालं. इंग्रजीत ते विचित्र दिसतं, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कुणाचा ‘आज’? हॅम्बुर्ग आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात, आपली सरकत नाहीत. संध्याकाळी सहाला आपण ‘टुडे इटसेल्फ’ लिहितो, तेव्हा त्यांच्याकडे हिवाळ्यात दुपारचे दीड वाजलेले असतात आणि त्यांच्या ‘आज’मध्ये अजून निम्मा दिवस शिल्लक असतो. आमचं ऑफिस तोवर बंद होतं. वेळ लिहा, आणि ती कुठली ते लिहा.

६. सवय इच्छेनं जात नाही, बोटं अडवावी लागतात

ठरवून मी हे शब्द सोडू शकले नाही. घाईच्या वेळी बोटं आपोआप जुनं टाइप करतात. शेवटी उपाय सापडला तो क्लासिक Outlook मध्येच. File, Options, Mail, मग Spelling and Autocorrect, तिथून AutoCorrect Options. डावीकडे जुना शब्द, उजवीकडे जे यायला हवं ते. आपण चुकीचं स्पेलिंग दुरुस्त व्हावं म्हणून जी सोय वापरतो, तीच.

पहिल्यांदा मी डावीकडे `revert` आणि उजवीकडे `reply` लिहिलं. ते चुकलं, कारण कधी खरंच जुन्या मसुद्यावर परत जा असं सांगायचं असतं, आणि तिथंही ते बदलून जायचं. शिवाय माझं डोकं पूर्वीसारखंच झोपलेलं राहिलं. आता उजवीकडे मी उत्तर ठेवत नाही, प्रश्न ठेवते:

```
prepone   →  [NEW DATE? OLD DATE?]
preponed  →  [NEW DATE? OLD DATE?]
revert    →  [REPLY? CONFIRM? GO BACK?]
updation  →  [WHO? WHAT? BY WHEN?]
```

टाइप केलं की कंस मध्येच उभा राहतो आणि तो भरल्याशिवाय मेल पाठवावीशी वाटत नाही. प्रत्येक रूप वेगळं द्यावं लागतं, कारण ही सोय पूर्ण शब्दच ओळखते. `prepone` दिला म्हणून `preponed` बदलत नाही. शब्द मात्र थोडेच ठेवा. पहिल्या आवेशात मी तीस घातले, आणि चार दिवसांत वैतागून सगळे काढून टाकले.

७. घरच्या भाषेला हात लावू नका

आमच्या कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टरला मी आजही लिहिते, ‘गाडी प्रीपोन केली आहे, प्लीज कन्फर्म.’ त्याला ते एका क्षणात कळतं. तिथं ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहिलं तर तो फोन करून विचारेल, ताई, गाडी पुढे ढकलली का? ऑफिसात नव्या मुली येतात, त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की हे शब्द अडाणीपणाचे आहेत आणि ते बोलताना त्या संकोचतात. मी त्यांना सांगते की हे शब्द आपल्या कामातून घडले आहेत आणि देशभर कोट्यवधी लोकांत ते चोख चालतात, त्यांची लाज बाळगू नका. फक्त मेलच्या वरची ‘टू’ची रांग वाचा, आणि ‘सीसी’चीही. तिथं एक जरी पत्ता देशाबाहेरचा असेल तर त्याच्यासाठी लिहा.

काका निवृत्त झाले, त्यांची ती फाइल अजून कपाटात आहे. नव्या मुलींना मी आता ती दाखवत नाही. ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’च्या त्या मेलची प्रत दाखवते, आणि तिच्या खाली ती आज कशी लिहिली असती ते वाक्य.